घटक चाचणीचे पेपर तपासून झाले, आता पुढे? जास्त चुकलेल्या प्रश्नांवरून पुन्हा शिकवायचा तास कसा आखायचा

नव्याने शाळेत लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितोय, खास करून पाचवी ते आठवीला गणित घेणाऱ्यांसाठी. घटक चाचणी होते, आपण पेपर तपासतो, मार्क रजिस्टरला चढवतो, पेपर पालकांच्या सहीला घरी जातात आणि आपण पुढचं प्रकरण सुरू करतो. उपचारात्मक अध्यापन करायचं असतं हे डीएडला, बीएडला सगळ्यांनाच शिकवलेलं असतं, पण नेमकं कोणत्या मुलांना, नेमकं काय आणि कसं परत शिकवायचं हे कोणी बसून दाखवत नाही, मग होतं काय की कमी मार्कांची मुलं बाजूला काढली जातात आणि त्यांना तेच प्रकरण परत पहिल्यापासून फळ्यावर सोडवून दाखवलं जातं. त्यातून हाती फारसं लागत नाही, कारण मुलाला १० पैकी ४ मिळाले एवढंच आपल्याला माहीत असतं, ते ६ का गेले ते माहीत नसतं.

मी इथे एकच उदाहरण धरून सगळं सांगतो, इयत्ता सहावी, दशांश अपूर्णांक, १० प्रश्नांची छोटी चाचणी. पट ३६, पेपरला हजर ३४. मुलांचे आकडे समजायला सोपे म्हणून नमुन्याचे धरलेत, पण चुकीची उत्तरं मात्र खरीखुरी आहेत, दशांश शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, हीच उत्तरं वर्षानुवर्षं येतात.

काय काय जवळ हवं

- तपासलेले सगळे पेपर (घरी सहीला पाठवायच्या आधी! हे फार महत्त्वाचं, कारण गेलेले सगळे पेपर कधीच परत येत नाहीत. वेळ नसेल तर निदान जास्त चुकलेल्या प्रश्नांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा)
- प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची
- संविधान तक्ता केला असेल तर तो, म्हणजे कोणता प्रश्न कशासाठी होता ते परत आठवत बसायला नको
- आडव्या मोठ्या कागदावर आखलेला तक्ता किंवा मोबाइलवर गूगल शीट
- तासासाठी चौकटीची वही, रंगीत पेन्सिली, एक मीटर टेप, आणि वहीच्या पानाचे चार तुकडे करून केलेल्या चिठ्ठ्या

१. मार्क नको, प्रश्नवार तक्ता करा

डावीकडे हजेरी क्रमांक, वर प्रश्न १ ते १०. प्रत्येक चौकटीत तीनच खुणा: बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, आणि मुलाने प्रश्नाला हातच लावला नसेल तर x. गैरहजर मुलाची ओळ पूर्ण कोरी सोडायची, तिथे शून्य टाकायचं नाही, नाहीतर चुकांची संख्या उगाच फुगते. अर्धवट बरोबर असलेल्याला काय द्यायचं हा प्रश्न येतोच, त्याला मी ० देतो, कारण इथे आपण मार्क वाटत नाही, चूक शोधतोय.

चूक आणि कोरं वेगळं ठेवायचा कंटाळा करू नका, पुढे सगळा निर्णय त्यावरच फिरतो. एकाने पेपर उलटत वाचून दाखवायचं आणि दुसऱ्याने भरायचं असं केलं तर अर्ध्या तासात होतं.

शीटवर करत असाल तर A मध्ये हजेरी क्रमांक, B पासून K पर्यंत प्रश्न, पहिल्या ओळीत नावं, आणि मुलं दुसऱ्या ओळीपासून ३७ व्या ओळीपर्यंत. खाली B39 मध्ये पहिलं सूत्र टाका, B40 मध्ये दुसरं, आणि दोन्ही K पर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B2:B37,0)
=COUNTIF(B2:B37,"x")
```

पहिल्याने चुकलेले मोजले जातात, दुसऱ्याने कोरे. रिकाम्या सोडलेल्या चौकटी यात मोजल्या जात नाहीत त्यामुळे गैरहजर मुलांची अडचण येत नाही. कागदावर करणाऱ्यांनी नुसतं उभं मोजलं तरी तेच.

आपल्या नमुन्यात असं आलं:

- प्र. १ (३.०७ मधल्या ७ ची स्थानिक किंमत): ५ चूक
- प्र. २ (सात दशांश दशांश चिन्ह वापरून लिहा): ३ चूक
- प्र. ३ (०.६, ०.४५, ०.१२५ यातली सगळ्यात मोठी संख्या): २१ चूक, २ कोरे
- प्र. ४ (४.५ + २.३): २ चूक
- प्र. ५ (३.७ + २.४५): १७ चूक
- प्र. ६ (३ मीटर ५ सेमी म्हणजे किती मीटर): २१ चूक
- प्र. ७ (८ − २.३५): १५ चूक
- प्र. ८ (२.४ × १०): ६ चूक
- प्र. ९ (शाब्दिक, एका पायरीचं): ९ चूक
- प्र. १० (शाब्दिक, दोन पायऱ्यांचं): ८ चूक, १४ कोरे

प्र. ४ आणि प्र. ५ कडे जरा थांबून बघा. दोन्ही बेरजाच आहेत, एकात २ मुलं चुकली आणि दुसऱ्यात १७. म्हणजे ‘वर्गाला दशांशाची बेरीज येत नाही’ असं म्हणून बेरजेचा तास परत घेतला तर तो फुकट जाणार आहे. दोन्ही संख्यांत दशांश चिन्हानंतर सारखेच अंक असले की जमतंय, कमीजास्त झाले की बिघडतंय. मार्कांच्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं.

२. जास्त चुकला म्हणून लगेच शिकवायला घेऊ नका, आधी प्रश्नच तपासा

प्रश्न चुकण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि सगळ्यांवर पुन्हा शिकवणं हा उपाय नसतो. क्रमाने हे बघून घ्या:

उत्तरसूची बरोबर आहे का? छपाईत दशांश चिन्ह गायब झालंय का? झेरॉक्स फिकट आली की टिंब पहिलं उडतं, आणि २.३५ चं २३५ होतं. वर्गातली नेहमी पहिली येणारी चारपाच मुलंसुद्धा त्याच प्रश्नात चुकली असतील तर संशय आधी प्रश्नावर घ्यायचा.

तो भाग खरंच शिकवून झाला होता का? कधी कधी तयार प्रश्नपत्रिका वापरली की त्यात आपण अजून न घेतलेला उपघटक येऊन बसतो. मग तिथे पुन्हा शिकवायचं नसतं, पहिल्यांदाच शिकवायचं असतं.

वेळ पुरला का? आपला प्र. १० बघा. एकूण २२ मुलांचा गेला म्हणजे यादीत दुसरा नंबर, पण त्यातले १४ कोरे आहेत आणि प्रश्न शेवटचा आहे. हा दशांशाचा प्रश्न नाही, निदान अजून तरी तसं म्हणता येत नाही. याला यादीतून बाजूला काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच प्रश्न दहा मिनिटं देऊन बघा. वेळ दिल्यावर सुटला तर वेळेची अडचण होती, तरी कोराच राहिला तर उदाहरण वाचून समजत नाहीये, आणि तो वेगळा तास आहे.

हे करून आपल्याकडे चार प्रश्न उरले, ३, ६, ५ आणि ७.

३. पेपर परत उघडा आणि चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे लावा

हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि नेमका हाच लोक गाळतात. चुकलेल्या मुलांनी काय लिहिलंय ते बघायचं. एकेका प्रश्नाला एक कागद घ्या, त्यावर चुकीचं उत्तर लिहा आणि पुढे हजेरी क्रमांक लिहीत जा. हे फक्त त्या चार प्रश्नांसाठीच करायचं, सगळ्या दहांसाठी नाही, नाहीतर दमून सोडून द्याल.

प्र. ३ मध्ये चुकलेल्या २१ पैकी १९ जणांनी ०.१२५ लिहिलं. फक्त दोघांनी ०.४५.
प्र. ६ मध्ये २१ पैकी १७ जणांनी ३.५ मीटर. तिघांनी ३०५, एकाने काहीतरी भलतंच.
प्र. ५ मध्ये १७ पैकी ११ जणांनी ५.५२. चौघांनी २.८२. दोघांनी ५.१५.
प्र. ७ मध्ये १५ पैकी १० जणांनी ६.३५, बाकीची उत्तरं विखुरलेली.

उत्तरं विखुरलेली असली तर ती बहुतेक घाई, आकडेमोडीतली चूक किंवा अंदाज. पण अर्ध्याहून जास्त मुलं एकाच चुकीच्या उत्तरावर पोचत असतील तर ती मुलं एक नियम पाळतायत, चुकीचा पण ठाम. आपल्याला तो नियम शोधायचाय.

०.१२५ का मोठं? कारण १२५ हे ६ पेक्षा मोठं. ५.५२ कसं आलं? ३ आणि २ पाच, ७ आणि ४५ बावन्न. ३ मीटर ५ सेमी ३.५ का? कारण डावीकडे मीटर, उजवीकडे सेंटीमीटर, मध्ये टिंब. ६.३५ कसं? ८ मधून २ गेले ६, आणि ३५ तसेच खाली आले. चारही प्रश्न वेगळे दिसतात, एक तुलनेचा, एक बेरजेचा, एक मापनाचा, एक वजाबाकीचा, पण मूळ एकच: मुलांच्या डोक्यात दशांश चिन्हाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र पूर्ण संख्या आहेत. उजवीकडचा पहिला अंक एकाचे दहा भाग केल्यावरचा आणि दुसरा शंभर भाग केल्यावरचा, हे डोक्यात बसलेलंच नाही. म्हणून चार तास लागणार नाहीत, एक नीट आखलेला तास आणि त्याची थोडी पाठराखण लागेल.

आणि प्र. ५ मधले ते २.८२ वाले चौघं वेगळे आहेत. त्यांनी मांडणी उजवीकडून सरळ केली, पूर्ण संख्यांची करतो तशी, ७ च्या खाली ५ आणला, २४५ आणि ३७ मिळवले आणि मग टिंब टाकलं. त्यांना एककाखाली एकक मांडायची सवय लावायची, ते दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी अख्ख्या वर्गाला धरायची गरज नाही. ५.१५ वाले दोघं हातचा विसरले, त्यांना फक्त दाखवलं तरी पुरे.

४. तीनचार मुलांना बोलतं करा

गठ्ठ्यांवरून आपण नियमाचा अंदाज बांधला, तो खरा आहे का हे मुलंच सांगतात. मधल्या सुट्टीनंतर किंवा वाचन तासाला एकेकाला जवळ बोलवा, त्याचाच पेपर समोर ठेवा आणि ‘हे कसं केलंस ते मला सांग’ एवढंच म्हणा. ‘हे का चुकलं?’ असं विचारलं की मूल लगेच उत्तर पुसायला लागतं आणि तुम्हाला काहीच कळत नाही. मध्ये दुरुस्त करू नका, मान हलवून ऐका.

बहुतेक वेळा असं ऐकायला मिळतं: ‘सर, पॉइंट एकशे पंचवीस आहे ना, आणि हे तर पॉइंट सहाच आहे.’ यावरून आपण वर्गात काय बोलतो तेही तपासता येतं. ०.१२५ ला आपण स्वतःच ‘पॉइंट एकशे पंचवीस’ म्हणत असू तर मुलं तेच ऐकून तसंच समजणार. ‘शून्य दशांश चिन्ह एक दोन पाच’ किंवा ‘एक दशांश, दोन शतांश, पाच सहस्रांश’ असं वाचायची सवय आधी आपल्याला हवी.

बरोबर उत्तर आलेल्या एकदोघांनाही बोलवा, हे मी मुद्दाम सांगतोय. प्र. ३ मध्ये ११ मुलांनी ०.६ लिहिलं म्हणून त्यांना समजलं असं धरू नका, कारण काही मुलांचा नियम उलटा असतो, ‘अंक जितके कमी तितकी संख्या मोठी’. त्यांना कुठेतरी ऐकलेलं असतं की शतांश लहान असतो, सहस्रांश अजून लहान, मग जास्त अंकांची संख्या लहानच असणार असं ते धरतात. आपल्या प्रश्नात सगळ्यात मोठी संख्या नेमकी सगळ्यात कमी अंकांचीच होती, त्यामुळे ही मुलं चुकीच्या वाटेने बरोबर उत्तरावर पोचली. प्रश्न काढतानाच हे लक्षात ठेवलं तर बरं.

५. पुन्हा शिकवायचं कोणाला, ते ठरवा

आता तक्ता आडवा वाचायचा, म्हणजे एकेका मुलाची ओळ, आणि शेजारी गठ्ठ्यांचे ते चार कागद ठेवायचे. ०.१२५, ५.५२, ३.५ मीटर आणि ६.३५ या चारपैकी किती उत्तरं एकाच मुलाची आहेत ते बघा. एकच असेल तर ती चुकून झालेली असू शकते, दोन किंवा जास्त असतील तर तो गैरसमज पक्का समजायचा. फक्त एका प्रश्नावरून कोणत्याच मुलाबद्दल ठरवू नका.

नमुन्यात दोन किंवा जास्त असणारी १६ मुलं निघाली, ३४ पैकी. मी स्वतः असं धरतो: वर्गाच्या साधारण निम्म्याला असेल तर पूर्ण वर्गाचा तास घ्यायचा, तिसरा हिस्सा किंवा कमी असेल तर छोटा गट, आणि दोनतीनच मुलं असतील तर त्यांच्याजवळ बसून. ही काही छापील मोजपट्टी नाही, पट आणि वेळ बघून तुम्ही बदला. १६ म्हणजे निम्म्याच्या जवळच, त्यामुळे पूर्ण वर्ग.

मग ज्यांना येतंय त्या मुलांचं काय? त्यांना ‘शांत बसा’ म्हणू नका आणि सरसकट दुसऱ्यांना शिकवायलाही बसवू नका, कारण ती मुलं पटकन युक्ती सांगून मोकळी होतात. त्यांना कठीण काम द्या: ०.४ आणि ०.५ च्या मध्ये येणाऱ्या दहा संख्या लिहा, मग ०.४ आणि ०.४१ च्या मध्ये येणाऱ्या लिहा. हे त्यांनाही सोपं जात नाही आणि विषय तोच राहतो.

६. तासाचं टाचण: एक गैरसमज, एक नवी वाट

तासिका ३५ ते ४० मिनिटांची असते, हजेरी आणि वह्या काढण्यात पाच मिनिटं जातात, म्हणजे हातात तीस. त्यात चारही प्रकारची उदाहरणं कोंबायची नाहीत. उद्देश एका वाक्यात लिहा: ‘दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक दहावा भाग दाखवतो आणि दुसरा शंभरावा, हे मुलाला चित्रात दाखवता येईल.’ आणि पहिल्या वेळी जसं शिकवलं होतं त्याहून वेगळं शिकवायचं. आधी स्थानिक किमतीचा तक्ता फळ्यावर काढून सांगितलं होतं ना, मग यावेळी मुलांच्या हाताला काम द्या.

*पहिली पाच मिनिटं.* फळ्यावर ०.६ आणि ०.४५ लिहा. कोणती मोठी ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवायची. हात वर करायला सांगू नका, पहिल्या बाकावरचा हात बघून बाकीचे हात वर येतात. उत्तर सांगायचं नाही.

*पुढची बारा मिनिटं.* चौकटीच्या वहीत प्रत्येकाने १० बाय १० चे दोन चौरस आखायचे. अख्खा चौरस म्हणजे १. एक उभी पट्टी म्हणजे दहावा भाग, एक चौकट म्हणजे शंभरावा भाग, हे मुलांकडूनच वदवून घ्या, पट्ट्या किती, चौकटी किती. मग पहिल्या चौरसात ०.६ रंगवायचं, सहा पट्ट्या. दुसऱ्यात ०.४५, चार पट्ट्या आणि पाच चौकटी. इथे फिरून बघायचं, कारण ज्याला समजलेलं नसतं तो ०.६ साठी सहाच चौकटी रंगवतो. तो क्षण पकडा आणि विचारा, ‘मग सहा शतांश कसं रंगवशील?’ त्यानेच अडखळून परत मोजायला हवं. दोन्ही चौरस शेजारी ठेवले की सहा पट्ट्यांच्या ६० चौकटी आणि इकडे ४५, तुम्हाला काही सांगावं लागत नाही. आता चिठ्ठी उलटायची आणि स्वतःचं उत्तर स्वतः तपासायचं.

०.१२५ साठी बारा चौकटी आणि एकीचा अर्धा भाग. मुलं म्हणतात ‘एवढंसंच?’, आणि जे हवं ते तिथे होतं.

*पुढची सात मिनिटं.* मीटर टेप फळ्यावर धरा. १० सेमी म्हणजे मीटरचा दहावा भाग, १ सेमी म्हणजे शंभरावा. ५ सेमीवर बोट ठेवा, मग ५० सेमीवर. ३ मीटर आधीच मोजून झालेत असं धरून ३.५ मीटर कोणतं आणि ३.०५ मीटर कोणतं ते मुलांनी उठून येऊन दाखवायचं.

इथे रुपये-पैसे वापरायचा मोह होतो कारण मुलांना ओळखीचे आहेत, पण या गैरसमजासाठी मी सुरुवातीला टाळतो. रुपये एकीकडे, पैसे दुसरीकडे, मध्ये टिंब, असं मुलं पैशाकडे बघतात आणि दोन वेगळ्या संख्यांचा गैरसमज उलट घट्ट होतो. चौरस पक्के झाल्यावर पैसे चालतील.

*शेवटची सहा मिनिटं* तपासणीच्या चिठ्ठीला, ती पुढे सांगतो. बेरीज-वजाबाकी आज नाही, उद्याच्या तासाला पहिली दहा मिनिटं ३.७ + २.४५ चौरसांवर करायची, सात पट्ट्या आणि चार पट्ट्या मिळून अकरा, म्हणजे एक अख्खा चौरस भरला, एक पट्टी उरली आणि पाच चौकटी. पूर्ण ३ आणि २ होतेच, त्यात हा एक, म्हणून ६.१५. याच दहा मिनिटांत २.८२ वाल्या चौघांनाही पुढे घ्या.

७. एक सोपी युक्ती जिच्यापासून सांभाळायचं

‘दोन्हीकडे अंक सारखे करा, कमी असतील तिथे शून्य लावा आणि मग बघा’ ही युक्ती आपण सगळेच सांगतो. ०.६ चं ०.६०, मग ६० मोठे की ४५. उत्तर बरोबर येतं, पण मूल अजूनही उजवीकडच्या भागाकडे पूर्ण संख्या म्हणूनच बघतंय, फक्त आता ६० विरुद्ध ४५ करतंय. ज्या मुलाने युक्तीच घेतलीय त्याला ०.३ आणि ०.४ च्या मध्ये संख्या विचारा, ते म्हणेल काहीच नाही. म्हणून शून्य लावणं शिकवायचं, पण चौरसात सहा पट्ट्या म्हणजेच साठ चौकटी हे दिसल्यावर.

८. तपासणीची चिठ्ठी: त्याच दिवशी, चार प्रश्न

चाचणीतलेच आकडे परत देऊ नका, मुलांना उत्तर पाठ झालेलं असतं. मूळ तेच, आकडे नवे:

१) मोठी कोणती: ०.८ की ०.३५
२) मोठी कोणती: ०.४२ की ०.४
३) २ मीटर ८ सेमी म्हणजे किती मीटर
४) ०.३ पेक्षा मोठी आणि ०.४ पेक्षा लहान अशी एक संख्या लिहा

पहिले दोन प्रश्न जोडीनेच द्यायचे, त्यातच खरी गंमत आहे. पहिला चुकला आणि दुसरा बरोबर आला तर जुना गैरसमज तसाच आहे, जास्त अंक म्हणजे मोठी. पहिला बरोबर आणि दुसरा चुकला तर मूल उलट्या टोकाला गेलंय, कमी अंक म्हणजे मोठी, आणि हे आपल्या तासामुळेसुद्धा होतं, ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या नाही’ असं आपण चारदा म्हटलं की काही मुलं तेवढंच उचलतात. अशा मुलांना ०.४ आणि ०.४२ दोन्ही रंगवायला लावायचं. दोन्ही बरोबर आणि चौथा कोरा, तर युक्ती जमलीय, समज अजून अर्धी आहे.

चिठ्ठ्यांना मार्क देऊ नका. चार गठ्ठे करा, पाच मिनिटांत होतं, आणि दुसऱ्या दिवशीचा छोटा गट तयार होतो. गठ्ठ्यात पाचसहा मुलं उरली तर परिपाठानंतरची दहा मिनिटं पुरतात. अजूनही दहाबारा उरली तर पूर्ण वर्गाचा तास परत न घेता मागे जाऊन बघा, त्यांना एक दशांश हा साधा अपूर्णांक म्हणूनच समजलाय का. बऱ्याचदा गाडी तिथेच अडलेली असते, पाचवीच्या अपूर्णांकांवर, आणि मग दशांश कितीही वेळा शिकवलं तरी पुढे सरकत नाही.

९. आठदहा दिवसांनी परत

त्याच दिवशीची चिठ्ठी बरोबर येणं फार सोपं असतं, चौरस अजून वहीत समोर असतात. म्हणून आठदहा दिवसांनी, दुसरंच प्रकरण चालू असताना, तासाच्या सुरुवातीला न सांगता दोन प्रश्न फळ्यावर टाका, एक तुलनेचा आणि एक मीटर-सेंटीमीटरचा किंवा किलोग्रॅम-ग्रॅमचा. किलो-ग्रॅम चांगला कस लावतो, कारण तिथे सहस्रांश येतो, २ किलो ५० ग्रॅम म्हणजे २.०५ किलो हे लिहिताना जुना गैरसमज परत डोकं वर काढतो आणि २.५ किंवा २.५० असं उत्तर येतं. शिवाय पुढच्या घटक चाचणीत, प्रकरण कोणतंही असो, प्र. ३ सारखा एक प्रश्न ठेवा आणि तक्त्यात त्या १६ हजेरी क्रमांकांसमोर काय आलं ते बघा.

नेहमी होणारे घोळ

वर्गात पेपर वाटताना चुकीच्या उत्तराबरोबर मुलाचं नाव घेऊ नका. चुकीचं उत्तर फळ्यावर चर्चेला घ्यायचं असेल तर ‘एका वर्गात असं उत्तर आलं होतं, त्या मुलाने कसा विचार केला असेल?’ असं विचारा, मुलं मोकळेपणाने बोलतात.

कमी मार्कांच्या मुलांचा कायमचा गट करून ठेवू नका. आपल्या १६ मुलांत एकूण मार्क चांगले असलेलीही मुलं आहेत, त्यांनी बाकीचे प्रश्न नियम पाठ करून सोडवलेत. गट चुकीवरून करायचा आणि चूक गेली की मोडायचा.

बहुवर्ग शाळेत असाल तर पूर्ण वर्गाचा तास जमणं कठीण, तिथे चौरस रंगवण्याचं काम स्वाध्याय म्हणून द्या आणि फक्त बोलण्याची दहा मिनिटं तुमची ठेवा, दुसऱ्या वर्गाला तेव्हा लेखी काम.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. उपचारात्मक अध्यापनाच्या नोंदीत ‘सराव घेतला’ एवढंच लिहू नका. गैरसमज एका ओळीत, त्याचं ओळखू येणारं उत्तर (०.६ पेक्षा ०.१२५ मोठं), हजेरी क्रमांक, घेतलेली कृती, आणि चिठ्ठीनंतर उरलेले क्रमांक, एवढं लिहिलं तर केंद्रप्रमुखांना दाखवायलाही होतं आणि मूल सातवीला गेल्यावर पुढच्या शिक्षकांनाही कळतं. आणि तुमच्या स्वतःच्या टाचणवहीत दशांशाच्या पहिल्या तासापाशीच ही चार चुकीची उत्तरं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी १० बाय १० चे चौरस पहिल्याच दिवशी बाहेर काढता येतील.